टाकीत आहे तोवर तुमचा

चिपबोर्ड बनवायला दोन मुख्य गोष्टी लागतात: लाकडाचा चुरा आणि तो घट्ट धरून ठेवणारं रेझिन. १९७० च्या दशकात 'स्कॉटिश टिंबर प्रॉडक्ट्स' ही कंपनी असा बोर्ड बनवत होती, आणि 'बॉर्डन' ही ब्रिटनमधली कंपनी तिला उधारीवर रेझिन पुरवत होती. बॉर्डनने आपल्या विक्रीच्या अटींमध्ये एक कलम घातलं होतं. माल पोचला की त्याची जोखीम खरेदीदाराची. मात्र त्या मालाचे आणि दोघांमधल्या इतर पुरवठ्यांचे सगळे पैसे चुकते होईपर्यंत मालकी बॉर्डनची.

१९७७ मध्ये स्कॉटिश टिंबर अडचणीत आली आणि तिच्यावर रिसीव्हर नेमला गेला. त्या वेळी बॉर्डनचं येणं तीन लाख पौंडांहून जास्त होतं. रेझिन कुठे गेलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. थोडं टाकीत होतं आणि बाकी सगळं चिपबोर्डमध्ये. बॉर्डनचं म्हणणं साधं होतं: रेझिन आमच्या मालकीचं आणि ते या बोर्डात आहे, तेव्हा बोर्डात आणि बोर्ड विकून आलेल्या पैशात आमचा हिस्सा आहे.

हा दावा टिकतो का? पुण्याच्या भोसरीपासून कोल्हापूरच्या शिरोलीपर्यंत उधारीवर कच्चा माल देणाऱ्या प्रत्येक पुरवठादाराला या प्रश्नाचं उत्तर माहीत असायला हवं. आपल्याकडेही अनेक बिलांच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असते, 'पूर्ण रक्कम मिळेपर्यंत मालाची मालकी विक्रेत्याकडे राहील.' ही ओळ काय वाचवते आणि काय वाचवत नाही, हे बॉर्डनच्या खटल्यातून फार स्पष्ट दिसतं.

अशी अट घालायची कशासाठी?

खरेदीदार कंपनी बुडाली की तिच्याकडे पैसे मागणाऱ्यांची रांग लागते. ज्यांच्याकडे तारण आहे, म्हणजे मुख्यतः बँका, त्या पुढे असतात. कामगारांच्या ठरावीक काळाच्या पगारालाही कायदा वरचं स्थान देतो. उधारीवर माल देणारा, ज्याच्याकडे काहीच तारण नाही, तो बराच मागे असतो. त्याच्यापर्यंत येईतो बहुतेकदा हाती लागण्यासारखं फार उरत नाही.

मालकी राखून ठेवण्याची अट या रांगेला वळसा घालते. 'मला पैसे द्या' असं म्हणण्याऐवजी पुरवठादार म्हणतो, 'ही वस्तू मुळात त्या कंपनीची नव्हतीच, माझी आहे, ती मला परत द्या.' जी वस्तू कंपनीची नाही, ती कंपनीच्या देणेकऱ्यांमध्ये वाटता येत नाही. म्हणून दावा मालकीचा आहे की फक्त पैशाचा, यावर सगळं अवलंबून असतं.

इंग्लंडमध्ये ही अट गाजली ती १९७६ च्या 'रोमाल्पा' निकालामुळे. एका डच कंपनीने रोमाल्पा नावाच्या इंग्लिश कंपनीला ॲल्युमिनियमची फॉइल विकली होती. रोमाल्पा बुडाली तेव्हा थोडी फॉइल जशीच्या तशी पडून होती, आणि थोडी जशीच्या तशी पुढे विकून आलेले पैसे वेगळ्या खात्यात होते. अपील न्यायालयाने दोन्ही डच कंपनीला दिले. तेव्हापासून तिकडे अशा अटीला 'रोमाल्पा कलम' असंच म्हणतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या खटल्यात न्यायालयापुढे आलेली फॉइल फॉइलच राहिली होती. तिच्यापासून दुसरं काही बनलेलं नव्हतं. दुसरं काही बनलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर तीन वर्षांनी बॉर्डनच्या निमित्ताने मिळालं.

टाकी ते प्रेस

त्या उत्तरासाठी आधी कारखान्यात काय घडत होतं ते पाहायला हवं. स्कॉटिश टिंबरकडे रेझिन साठवायची जागा दोन दिवसांच्या उत्पादनापुरतीच होती. टाकीतून काढलेल्या रेझिनमध्ये आधी हार्डनर आणि मेणाचं इमल्शन मिसळलं जायचं. हार्डनर पडला की रेझिनमध्ये रासायनिक बदल सुरू होतो आणि तो मागे फिरवता येत नाही. हे मिश्रण मग लाकडाच्या कोरड्या चुऱ्यात घालायचं, त्याचा थर पसरायचा आणि तापलेल्या प्रेसखाली दाबायचा. बाहेर येतो तो बोर्ड. त्यातलं रेझिन आता द्रवरूपात नसतं, ओतता येत नाही, आणि बोर्ड फोडूनही पूर्वीचं रेझिन हाती येत नाही.

अपील न्यायालयाने १९७९ मध्ये बॉर्डनचा दावा फेटाळला. लॉर्ड जस्टिस बकली यांचं म्हणणं असं होतं की चिपबोर्ड तयार झाला तेव्हा रेझिन हे रेझिन म्हणून संपलं, आणि वस्तूच संपली तर तिच्यावरची मालकी कशावर उभी राहणार? लॉर्ड जस्टिस ब्रिज यांनी उदाहरण दिलं ते गोठ्यातलं. शेतकऱ्याला पेंड उधारीवर विकली, मालकी राखून ठेवली, आणि पैसे देण्याआधीच ती जनावरांना घालायची मुभा दिली. पेंड विकणारा उद्या जनावरावर हक्क सांगू शकेल का? बॉर्डनच्या वकिलांनाही तो सांगता येणार नाही हे मान्य करावं लागलं. मग चिपबोर्डवर कसा सांगता येईल?

निकालाचा खरा आधार मात्र पेंडीच्या उदाहरणाहून खोल आहे. बॉर्डनने रेझिन दिलं होतं ते वापरण्यासाठीच. ते दोन दिवसांत बोर्डात जाणार हे दोघांनाही माहीत होतं. कलमात बोर्डाबद्दल एक शब्दही नव्हता. 'पैसे येईपर्यंत रेझिन माझं' एवढंच लिहिलेलं होतं, आणि रेझिन उरलंच नव्हतं. शिवाय बोर्डात फक्त रेझिन नव्हतं. दुसऱ्या कोणाचं लाकूड होतं, कामगारांचे श्रम होते, वीज होती, कारखान्याची यंत्रं होती. त्या सगळ्यांतून बनलेल्या वस्तूत एका पुरवठादाराला किती हिस्सा द्यायचा, याचं उत्तर देणारं करारात काहीच नव्हतं.

मला हा निकाल न्याय्य वाटतो. पुरवठादाराचं नुकसान खरं आहे, पण लाकूड देणाऱ्याचंही तितकंच खरं आहे. बोर्डाची मालकी एकाला दिली तर दुसऱ्याचं लाकूड आणि तिसऱ्याची मजुरी त्याच्या खिशात जाते.

सुटं होतं की नाही?

बॉर्डनच्या निकालानंतर इंग्लिश न्यायालयांनी एक कसोटी हळूहळू पक्की केली. दिलेली वस्तू अजून ओळखता येते का, आणि मोडतोड न करता ती वेगळी काढता येते का?

१९८३ च्या एका खटल्यात हेंडी लेनॉक्स या कंपनीने डिझेल इंजिनं पुरवली होती. खरेदीदार ती जनरेटर सेटमध्ये बसवत असे. इंजिन बोल्टने बसवलेलं होतं, त्याच्यावर अनुक्रमांक होता, आणि काही तासांच्या कामात ते सोडवता येत होतं. न्यायालय म्हणालं, इंजिन जनरेटरमध्ये बसलं म्हणून त्याची ओळख गेली नाही. पुढच्या ग्राहकाकडे मालकी गेलेली नव्हती तोवर ते पुरवठादाराचंच होतं.

याच्या उलट टोकाला चामडं आहे. त्याच वर्षीच्या पीचडार्ट खटल्यात पर्स आणि हँडबॅग बनवणाऱ्या कंपनीला चामडं पुरवलेलं होतं. बॅगेत चामडं डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. तरीही न्यायालयाने सांगितलं की चामडं कापून बॅग बनवायला घेतली की पुरवठादाराची पूर्वीची मालकी टिकत नाही. त्याच्याकडे फार तर बॅगेवरचा एक बोजा उरतो, आणि तो नोंदवलेला नसेल तर तोही निरुपयोगी. पुढे १९९६ मध्ये जिवंत जनावरं विकणाऱ्या फार्मच्या बाबतीतही असाच निकाल लागला. जनावर कापलं गेलं की 'जनावरं' विकण्याच्या करारातली मालकी संपते.

तिसरा प्रकार सारख्याच मालाच्या मिश्रणाचा. दोन पुरवठादारांचं तेच तेल एका टाकीत ओतलं तर नवी वस्तू बनत नाही, फक्त कुणाचं कुठलं ते सांगता येत नाही. या बाबतीतला एक महत्त्वाचा इंग्लिश निकाल आपल्या इंडियन ऑइल कॉर्पोरेशनच्या खटल्यातला आहे. तिच्यासाठी निघालेलं कच्चं तेल जहाजमालकाच्या तेलात मिसळलं गेलं होतं. १९८७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की असं मिश्रण दोघांच्या सामाईक मालकीचं, ज्याचं जितकं तेल त्याचा तितका वाटा. म्हणजे मिसळणं आणि रूपांतर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिसळण्यात मालकीचा वाटा होतो, रूपांतरात ती संपते.

'मग बोर्डही माझाच' असं लिहिलं तर?

बॉर्डनच्या निकालानंतर अनेक पुरवठादारांनी कलम लांबवलं: माझा माल वापरून जे बनेल तेही पैसे येईपर्यंत माझं. वाचताना हा उपाय पक्का वाटतो. १९८४ मध्ये क्लफ मिल या सूत पुरवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात अपील न्यायालयाने त्याची परीक्षा घेतली.

न वापरलेलं सूत क्लफ मिलच्याच मालकीचं होतं, असं न्यायालयाने ठरवलं. पण सुतापासून बनलेल्या मालाबद्दल लॉर्ड जस्टिस रॉबर्ट गॉफ यांनी मांडलेला विचार आजही मार्गदर्शक आहे. समजा सुताचे पाच हजार पौंड येणे आहेत, आणि कापड विकून वीस हजार मिळाले. कलमात लिहिलंय म्हणून पुरवठादार वीसही हजार ठेवणार का? त्यात खरेदीदाराचे श्रम आहेत, आणि रंगाच्या पुरवठादारानेही असंच कलम लिहिलेलं असू शकतं. दोन्ही पक्षांच्या मनात असं नसणारच. त्यांना म्हणायचं असतं ते इतकंच, की माझे पाच हजार वसूल होईपर्यंत या कापडावर माझा हक्क, आणि उरलेले तुझे. पण 'कर्ज फिटेपर्यंत दुसऱ्याच्या वस्तूवर हक्क' याला मालकी म्हणत नाहीत. तो बोजा झाला, जसा सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा असतो.

इथे पुरवठादाराचा पाय अडकतो. कंपनीच्या मालमत्तेवरचा बोजा नोंदवावा लागतो, म्हणजे उधार देणाऱ्या इतरांना तो दिसतो. बिलाच्या तळाशी छापलेला बोजा कुठेच नोंदलेला नसतो, आणि न नोंदलेला बोजा दिवाळखोरीत धरला जात नाही. कलम जितकं लांब, तितकं ते मालकीपासून दूर आणि न नोंदलेल्या तारणाच्या जवळ जातं.

जर्मनीत कायद्याची रचना वेगळी आहे. तिथे नवी वस्तू बनवणारा तिचा मालक होतो, पण 'खरेदीदार हा माल पुरवठादारासाठी प्रक्रिया करून देतो' असं करारात लिहिण्याची प्रथा आहे आणि ती मानली जाते. जर्मन कंपन्यांकडून माल घेणाऱ्या पुण्यातल्या कारखान्यांना करारात असं कलम दिसतं ते यामुळे. तरीही खरेदीदार दिवाळखोर झाला तर तिथला पुरवठादार बनलेली वस्तू उचलून नेत नाही. तिच्या विक्रीतून आधी वसुली करण्याचा हक्क त्याला मिळतो. म्हणजे वाट निराळी असली तरी, बनून गेलेल्या वस्तूच्या बाबतीत तिथेही शेवट तारणाशीच येतो.

आपल्याकडे काय?

भारताचा मालविक्री कायदा १९३० चा आहे आणि तो १८९३ च्या इंग्लिश कायद्याच्या धर्तीवर बेतलेला आहे. म्हणून इंग्लंडचे निकाल बंधनकारक नसले तरी आपले वकील त्यांचा आधार घेतात. कलम १९ सांगतं की मालकी केव्हा जावी हे दोन्ही पक्षांच्या इराद्यावर ठरतं. कलम २५ स्पष्टच म्हणतं की ठरावीक अट पूर्ण होईपर्यंत विक्रेता मालावरचा हक्क राखून ठेवू शकतो, आणि तसं ठरलं असेल तर माल ताब्यात दिला तरी मालकी जात नाही. म्हणजे बिलातल्या त्या ओळीला कायद्याचा आधार आहे. मात्र कलम २६ प्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर मालकी जिच्याकडे, जोखीमही तिच्याकडेच. तुम्ही मालकी राखलीत आणि जोखमीबद्दल काहीच लिहिलं नाहीत, तर खरेदीदाराच्या गोदामात लागलेल्या आगीचं नुकसान तुमच्यावर येऊ शकतं. म्हणून बॉर्डनच्या कलमात जोखमीचं वाक्य मालकीच्या आधी होतं.

आणखी एक मर्यादा कलम ३० मध्ये आहे. तुमच्या संमतीने माल ताब्यात असलेल्या खरेदीदाराने तो पुढे प्रामाणिक ग्राहकाला विकला, आणि त्या ग्राहकाला तुमच्या अटीची माहिती नसेल, तर त्या ग्राहकाकडून तुम्हाला माल परत घेता येत नाही.

मिश्रणाबद्दल आपल्या १८७२ च्या करार कायद्यात तीन कलमं आहेत, १५५ ते १५७. मालकाने दुसऱ्याकडे सोपवलेला माल त्याच्या संमतीने मिसळला गेला तर मिश्रणात दोघांचा आपापल्या वाट्याइतका हक्क. संमतीशिवाय मिसळला आणि वेगळा काढता येत असेल, तर मालकाला त्याचा माल परत आणि वेगळा करण्याचा खर्च मिसळणाऱ्याचा. कायद्यातच खुणा केलेल्या शंभर गाठी कापसाचं उदाहरण आहे. वेगळा काढता येत नसेल तर नुकसानभरपाई. तिथे केपच्या पिठात गावठी पीठ मिसळल्याचं उदाहरण दिलं आहे.

पण ही कलमं आहेत सोपवलेल्या मालासाठी, विकलेल्या मालासाठी नाहीत. इचलकरंजीत आणि भिवंडीत हा फरक रोजच्या व्यवहारात दिसतो. व्यापारी स्वतःचं सूत यंत्रमागवाल्याला देतो, कापड विणून घेतो आणि मजुरी देतो. तिथे सूत कधी विकलंच गेलेलं नसतं. कापड व्यापाऱ्याचं, विणणाऱ्याचं येणं मजुरीचं. तोच व्यापारी तेच सूत उधारीवर विकतो आणि विणकर कापड स्वतःच्या नावाने विकतो, तेव्हा बिलावर मालकी राखली आहे असं छापलं तरी कापडावर तो मजुरीवर काम देणाऱ्या मालकासारखा हक्क सांगू शकत नाही. विकत घेणाऱ्याला माल वापरायची आणि बनलेली वस्तू स्वतःसाठी विकायची मुभा दिली, की सोपवण्याचं नातं उरत नाही. बनलेल्या वस्तूवर खरोखर मालकी हवी असेल तर व्यवहारच जॉबवर्कचा करावा लागतो, चलान, मजुरीचं बिल आणि जीएसटीच्या नोंदींसह. विक्रीच्या बिलावर एक ओळ वाढवून तो जॉबवर्क होत नाही.

खरेदीदार कंपनी दिवाळखोरी संहितेखाली गेली तर दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. संहितेच्या कलम १८ आणि ३६ प्रमाणे तिसऱ्याच्या मालकीची मालमत्ता कंपनीची धरली जात नाही. पण कलम १४ प्रमाणे प्रक्रिया सुरू होताच स्थगिती लागते आणि कंपनीच्या ताब्यातली वस्तू तिचा मालकसुद्धा परत नेऊ शकत नाही. ट्रक घेऊन गेटवर जाण्यात अर्थ नाही. करायचं काम वेगळं आहे. नेमलेल्या व्यावसायिकाला ताबडतोब लेखी कळवायचं की कोणता माल तुमचा, कुठल्या बॅचचा, कुठल्या चलानावरचा, कुठे ठेवलेला. त्या दिवशीच्या साठ्याची मोजणी मागायची. मालकीचा दावा वेगळा नोंदवायचा, आणि उरलेल्या पैशांसाठी ऑपरेशनल क्रेडिटर म्हणून फॉर्म बी भरायचा. हे पुढे गेलं आणि कंपनी अवसायनात निघाली तर पैशाच्या दाव्याला तारणधारक, कामगार आणि बिनतारणी वित्तीय धनकोंच्या नंतरच जागा मिळते. म्हणून हाती असलेल्या मालावरचा दावा वेगळा ठेवणं महत्त्वाचं.

हिशोब मांडून पाहू

समजा एखादा पुरवठादार औद्योगिक वसाहतीतल्या एका बोर्ड कारखान्याला रोज दोन टन रेझिन देतो, किलोला पन्नास रुपये. म्हणजे रोजचा एक लाखाचा माल. पैसे पंचेचाळीस दिवसांनी. लघुउद्योगांच्या पुरवठ्याला संरक्षण देणाऱ्या २००६ च्या कायद्याप्रमाणेही लेखी करारात जास्तीत जास्त तेवढीच मुदत देता येते. कारखाना रोज चालला तर कुठल्याही दिवशी येणं पंचेचाळीस लाख असतं. आता टाकी पाहा. तीत दोन दिवसांचा माल, म्हणजे दोन लाखांचा.

ज्या दिवशी कारखान्यावर कारवाई होईल त्या दिवशी मालकीची अट वाचवेल ते फार तर हे दोन लाख. बाकी त्रेचाळीस लाखांचं रेझिन प्रेसखालून गेलेलं असतं. त्यांचा दावा हा नुसत्या पैशाचा दावा, त्यावर व्याज धरलं तरी. बॉर्डनचंही हेच झालं होतं.

त्या दोन लाखांसाठीही कलम नीट असावं लागतं. कलम फक्त 'या बिलाच्या पैशांपुरती' मालकी राखत असेल, तर टाकीतलं रेझिन न फिटलेल्या बिलाचंच आहे हे दाखवावं लागतं, आणि जुनं-नवं रेझिन एका टाकीत मिसळल्यावर ते जमत नाही. बॉर्डनसारखं 'दोघांमधलं सगळं येणं फिटेपर्यंत' असं लिहिलं की टाकीत जे काही तुमचं आहे ते तुमचंच राहतं. १९९० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाऊस ऑफ लॉर्ड्सने, स्कॉटलंडमधल्या स्टीलच्या पट्ट्यांच्या खटल्यात असं कलम वैध मानलं.

याच हिशोबात दुसरा पुरवठादार घ्या, जो पंप किंवा मोटारी देतो. त्याच्या मोटारी ग्राहकाच्या गोदामात महिनाभर पडून असतात, प्रत्येकीवर अनुक्रमांक असतो, आणि यंत्रात बसवल्या तरी बोल्ट काढून सोडवता येतात. त्याची पंचेचाळीस लाखांची थकबाकी असेल तर तीस-पस्तीस लाखांचा माल ओळखून दाखवता येईल. कलम दोघांचंही शब्दशः तेच असलं तरी संरक्षणात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ते अंतर मालाचा स्वभाव आणि वापराचा वेग यांतून येतं.

म्हणून उधारी देताना पहिला प्रश्न विचारायचा तो ग्राहकाबद्दल नसून मालाबद्दल: माझा माल त्याच्याकडे किती दिवस माझ्या मालासारखा राहतो? पंपासारखा माल असेल तर कलम नीट लिहा, जोखीम आधीच खरेदीदारावर टाका, अनुक्रमांक बिलावर घाला, आणि गोदामात जाऊन साठा पाहण्याचा हक्क राखून ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे कलम ऑर्डर स्वीकारतानाच दोघांच्या सहीने करारात आलं पाहिजे. माल पोचल्यावर गेलेल्या बिलावर ते पहिल्यांदा छापलं असेल, तर 'हे आम्ही कधी मान्य केलं?' हा खरेदीदाराचा पहिला बचाव असेल.

माल रेझिन, रंग, पीठ किंवा सुतासारखा असेल, तर त्या कलमावर थकबाकी उभी करू नका. तिथे उपाय दुसरे आहेत. उधारीची मुदत टाकीच्या मुदतीजवळ आणा. पैसे आधी किंवा बँक गॅरंटीवर घ्या. मोठी उधारी द्यायचीच असेल आणि बनलेल्या मालावर हक्क हवा असेल, तर तो बोजा आहे हे मान्य करून उघडपणे घ्या. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे खरेदीदार कंपनीने तो तीस दिवसांत नोंदवायचा असतो, आणि तिने नोंदवला नाही तर तुम्हालाही अर्ज करता येतो. नोंदणी झाली की खरेदीदाराच्या बँकेला तो दिसेल, आणि तिच्या आधीच्या बोजापुढे तुमचा क्रमांक कितवा लागतो हेही तुम्हाला त्याच दिवशी कळेल. बहुतेक ठिकाणी तो दुसरा असेल. तरीही तो किती, कशावर आणि कोणाच्या मागे आहे हे माहीत असलेला हक्क असेल, आणि त्यावर किती उधार द्यायचं ते ठरवता येईल.